स्वच्छ दिसणारे पाणी आणि गोडे पाणी : कोकोपीट धुण्याचा अनुभव

टोमॅटोची बारा रोपे मी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, लावली होती आणि पंधरा दिवसांत त्यांपैकी नऊ रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. आधी कडेला तपकिरी रेघ आली, मग ती आत सरकत गेली आणि शेवटी पानाचे टोक कागदासारखे कुरकुरीत झाले. दुपारी रोपे माना टाकत होती, आणि बोट घालून पाहावे तर कुंडीतले कोकोपीट चांगले ओले लागत होते. ओल असूनही रोप तहानलेले दिसते तेव्हा बहुतेक जण जे करतात तेच मीही केले, म्हणजे आणखी पाणी घातले. त्याने फरक पडला नाही.

कोकोपीट मी धुतले नव्हते असे नाही. त्याची दाबलेली वीट बादलीत भिजवली, ती फुलल्यावर वरून पाणी ओतले, तपकिरी पाणी काढून टाकले आणि पाणी फिकट होईपर्यंत हे दोनदा केले. वेष्टनावर ‘धुतलेले’ असेही छापलेले होते, त्यामुळे माझे दोनदा धुणे मला सावधगिरीचेच वाटले होते. रोपवाटिका चालवणाऱ्या एका परिचित बाईंना मी रोपे दाखवायला नेली तेव्हा त्यांनी पानांकडे ओझरते पाहिले, कुंडीत थोडे पाणी ओतले, तळातून निथळलेले पाणी एका पेल्यात धरले आणि त्यात पाण्यातले क्षार मोजणारा खिशातला ईसी मीटर बुडवला. आकडा ३.१ आला. मी म्हटले, “पण पाणी तर स्वच्छ आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “मीठ घातलेले पाणीसुद्धा स्वच्छच दिसते. रंग वेगळा आणि क्षार वेगळे.”

ही गोष्ट एकदा कळली की फार उघड वाटते. कोकोपीटमधून उतरणारा तपकिरी रंग हा टॅनिनसारख्या सेंद्रिय द्रव्यांचा असतो आणि तो कित्येक आठवडे थोडाथोडा उतरत राहतो. क्षार मात्र रंगहीन असतात. त्यामुळे पाणी गडद असताना क्षार जवळजवळ निघून गेलेले असू शकतात, आणि पाणी फिकट झाल्यावरही क्षार भरपूर शिल्लक असू शकतात. माझ्या बाबतीत दुसरा प्रकार झाला होता.

हे क्षार येतात कोठून, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढची सगळी धुलाई त्यावर अवलंबून आहे. नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना तंतूंमधला जो भुसा गळून पडतो, तोच वाळवून आणि दाबून कोकोपीट म्हणून विकला जातो. नारळाचे झाड मुळातच पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर शोषून घेते, आणि सोडणात दोन्ही साठलेले असतात. शिवाय तंतू सुटे व्हावेत म्हणून सोडणे भिजत घालतात, आणि अनेक ठिकाणी ते पाणी खाडीचे किंवा मचूळ असते, म्हणून त्यात सोडियमची भर पडते. पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड हे तीन पाहुणे त्यामुळे प्रत्येक विटेत कमीअधिक असतातच. एकाच उत्पादकाच्या दोन विटांमध्येही प्रमाण सारखे असेल याची खात्री नसते. म्हणून ‘तीन वेळा धुवा’ असा ठराविक नियम मला आता निरुपयोगी वाटतो. किती वेळा धुवायचे, हे वीटच सांगते, फक्त तिला विचारण्याचे साधन हवे.

ते साधन म्हणजे ईसी मीटर. पाण्यातून वीज किती सहज वाहते हे तो मोजतो, आणि पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. आकडा मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर या एककात येतो. मी विकत घेतलेला मीटर मात्र पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग या एककात, आकडा दाखवत होता, आणि त्यात एक खाच आहे. पीपीएमचा आकडा मीटर स्वतः मोजत नाही, तो ईसीला एका ठराविक संख्येने गुणून दाखवतो. काही मीटर १ मिलिसीमेन्सला ५०० पीपीएम म्हणतात, काही ७००. दोन माणसे एकाच पाण्याचे दोन वेगळे आकडे सांगून वाद घालत बसतात ते यामुळे. मी मीटरची मांडणी बदलून थेट ईसी पाहू लागलो आणि १.४१ आकड्याच्या प्रमाणित द्रावणात बुडवून तो बरोबर दाखवतो की नाही हे तपासून घेतले.

मग ६५० ग्रॅमची एक नवी वीट घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यावर पाणी मोजून घातले व आकडे लिहून ठेवले. नळाच्या पाण्याचा स्वतःचा ईसी ०.३ होता. हा आकडा आधी पाहणे गरजेचे असते, कारण धुतलेले कोकोपीट धुण्याच्या पाण्यापेक्षा गोडे कधीच होऊ शकत नाही. ज्यांच्या पाण्याचाच ईसी १ च्या आसपास आहे त्यांनी कितीही धुतले तरी ते १ च्या खाली जाणार नाहीत. अशांनी शेवटच्या एकदोन धुण्यांपुरते तरी साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

वीट २० लिटरच्या बादलीत ठेवून तिच्यावर ५ लिटर कोमट पाणी ओतले. थंड पाण्यातही वीट फुलते, परंतु तिचा गाभा बराच वेळ कोरडा राहतो आणि घाईने हातोडीने फोडली तर तंतू तुटून पीठ वाढते. अर्ध्या तासात ती आपोआप सुटी झाली आणि साधारण साडेआठ लिटर जागा व्यापू लागली. हाताने उलटसुलट करून उरलेले खडे मोकळे केले आणि आणखी अर्धा तास तसेच ठेवले, कारण कणांच्या आतले क्षार बाहेरच्या पाण्यात यायला वेळ लागतो. ओतून लगेच मोजलेला आकडा नेहमी फसवा, म्हणजे खरा असेल त्याहून कमी येतो. त्यानंतर सगळे कोकोपीट जाळीच्या पिशवीत भरले, पिशवीचे तोंड पिळून घट्ट केले आणि वर गुडघा ठेवून दाबले. साधारण २ लिटर पाणी बाहेर आले, म्हणजे आत ३ लिटर राहिले. बाहेर आलेल्या पाण्याचा ईसी ३.२ होता. ‘धुतलेले’ हा शब्द वेष्टनावर याही विटेच्या नशिबी होता.

आत राहिलेले ते ३ लिटर पाणी हाच या कामातला खरा अडथळा आहे. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या सातआठपट पाणी धरते आणि दाबूनही त्यातले अर्ध्याहून अधिक सोडत नाही. ते आतले पाणी पूर्ण खारे असते, आणि आपण वरून घालतो ते पाणी फक्त त्याला पातळ करते. त्यामुळे धुणे म्हणजे वाहून नेणे असे आपल्याला वाटत असले तरी प्रत्यक्षात ते टप्प्याटप्प्याने पातळ करत जाणे असते, आणि त्याचा हिशेब कागदावर करता येतो. आत ३ लिटर पाणी ३.२ ईसीचे, त्यात ५ लिटर पाणी ०.३ ईसीचे मिसळले, तर आठ लिटरचा ईसी सुमारे १.४ यायला हवा. मी ५ लिटर घालून, अर्धा तास थांबून, पुन्हा दाबून मोजले तेव्हा १.५ आला. तिसऱ्या वेळी ०.८ आला, चौथ्या वेळी ०.५. प्रत्येक वेळी आकडा हिशेबापेक्षा किंचित जास्त येत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

या हिशेबातून एक व्यावहारिक फायदा मला मिळाला. भिजवण्याचे पाणी सोडून धुण्यासाठी एकूण १५ लिटर पाणी लागले. हेच १५ लिटर मी एकाच वेळी ओतले असते तर आतल्या ३ लिटरमध्ये मिसळून ईसी ०.८ पर्यंतच उतरला असता. तीन वाट्यांत घातल्यामुळे तो ०.५ पर्यंत आला. आणि मधे दाबून न काढता नुसते वरून ओतत राहिलो असतो, जसे मी पहिल्या वेळी केले होते, तर पाणी सोप्या वाटांनी खाली निघून गेले असते आणि मधले गोळे तसेच खारे राहिले असते. पाणी कमी, वेळा जास्त, आणि प्रत्येक वेळी जोर लावून पिळणे, एवढे तीन बदल केले की त्याच पाण्यात काम होते. दाबताना जाळीतून बारीक गाळ वाहून जातो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. कुंडीच्या तळाशी चिखल करणारा भाग तोच असतो. मात्र पहिली दोन खारी पाणी दुसऱ्या कुंड्यांत ओतण्याची काटकसर करू नये. मी ती केली होती, आणि एका मोगऱ्याने ती मला महिनाभर ऐकवली.

०.५ आकडा आल्यावर काम संपले असे मी गृहीत धरले होते. त्या बाईंना कळवले तेव्हा त्यांनी विचारले, “कॅल्शियम दिलेत का?” मी म्हटले, खत नंतर देईन. त्या म्हणाल्या, “खत म्हणून नाही. धुणे म्हणून.”

याचा अर्थ समजायला मला थोडे वाचावे लागले. कोकोपीटच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असलेल्या जागा असतात, आणि त्या जागांवर धन भाराचे आयन चिकटून बसतात. सोडणातून आलेले पोटॅशियम आणि सोडियम हे पाण्यात जितके मोकळे असतात तितकेच, किंबहुना अधिक, या जागांवर बसलेले असतात. साध्या पाण्याने मोकळे क्षार जातात. चिकटलेले जात नाहीत, कारण त्यांची जागा घेणारे दुसरे कोणी त्या पाण्यात पुरेसे नसते. त्यांच्यातले थोडे दर धुण्याला सुटत राहतात, म्हणूनच माझा आकडा हिशेबापेक्षा दर वेळी थोडा वर येत होता. पुढे आपण रोपाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेले खत देतो तेव्हा या जागा त्यांना पकडतात, कारण त्यांचा भार दुप्पट असल्याने ते अधिक घट्ट बसतात, आणि बदल्यात पोटॅशियम व सोडियम पाण्यात सोडतात. म्हणजे आपण रोपासाठी घातलेले कॅल्शियम कोकोपीट खाते आणि रोपाला नको असलेले सोडियम वाढते. इलाज असा की ही अदलाबदल रोप लावण्यापूर्वीच, बादलीत उरकून घ्यायची.

त्यासाठी मी ५ लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवले आणि पिळून काढलेल्या कोकोपीटमध्ये ते घालून, हलवून, रात्रभर म्हणजे सुमारे १२ तास ठेवले. ही अदलाबदल अर्ध्या तासात पुरी होत नाही. कॅल्शियम नायट्रेट न मिळाल्यास जिप्समही चालते, परंतु ते १ लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच विरघळते आणि तेही सावकाश, म्हणून ते आधी वेगळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा ढवळून मगच वापरावे. चुन्याच्या वाटेला मात्र जाऊ नये, त्याने आम्लता बिघडते.

सकाळी मी मीटर बुडवला आणि गोंधळलो. विरळ होण्याचा हिशेब धरला तर ईसी जेवढा यायला हवा होता जवळपास तेवढाच होता. काहीच घडले नाही असे वाटावे. पण विचार केल्यावर लक्षात आले की एका क्षाराने दुसऱ्याची जागा घेतली तर विजेच्या दृष्टीने पाण्यात फारसा फरक पडत नाही. हा मीटर क्षार किती हे सांगतो, कोणते हे सांगत नाही. पहिल्या टप्प्यात ज्याच्यावर पूर्ण विसंबायचे तो साथी दुसऱ्या टप्प्यात आंधळा असतो, आणि ‘ईसी कमी’ असे लिहिलेले कोकोपीटही याच कारणाने कॅल्शियम खाणारे असू शकते.

मग मी मत्स्यालयाच्या पाण्याची कठीणता तपासण्याचा थेंबांचा संच वापरला. त्यात पाण्याच्या नमुन्यात एकेक थेंब टाकत जायचे आणि रंग बदलेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचे. एक थेंब म्हणजे कठीणतेचा एक अंश. कठीणता म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे मला नेमके हवे होते तेच. कोकोपीटच्या तपकिरी पाण्यात रंगबदल दिसत नाही, म्हणून नमुन्याचा एक भाग आणि शुद्ध पाण्याचे चार भाग असे मिसळून मोजले आणि आलेला आकडा पाचने गुणला. बादलीत घातलेल्या द्रावणाची कठीणता ५९ अंश होती. आतल्या ३ लिटर पाण्यात मिसळून ती सुमारे ३८ व्हायला हवी होती. सकाळी पिळलेल्या पाण्यात ती १५ निघाली. उरलेले कॅल्शियम कोकोपीटने रात्रीत गिळले होते. हे कॅल्शियम जर मी कुंडीत खत म्हणून घातले असते तर रोपाच्या मुळांपर्यंत त्यातले किती पोहोचले असते, याचा अंदाज आता मला आला.

एवढी भूक पाहून मी तेवढेच द्रावण करून पुन्हा एक रात्र ठेवले. या वेळी ४२ च्या आसपास अपेक्षित होते आणि ३५ मिळाले. भूक बरीच भागली होती. तिसरी रात्र मला अनावश्यक वाटली. मग दोन वेळा प्रत्येकी ५ लिटर साध्या पाण्याने धुऊन सुटलेले पोटॅशियम, सोडियम आणि जादा नायट्रेट काढून टाकले आणि शेवटच्या पिळलेल्या पाण्याचा ईसी ०.६ वर आला. एका विटेला सगळे मिळून ४० लिटर पाणी आणि दोन दिवस गेले. घाईच्या माणसाचे हे काम नाही हे मी मान्य करतो, आणि काटक रोपांसाठी कदाचित एवढे लागतही नाही. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांना कॅल्शियमची कमतरता लवकर भोवते, म्हणून त्यांच्यासाठी मी हा टप्पा गाळत नाही.

तो गाळला तर काय होते हे पाहण्यासाठी मी दोन कुंड्यांत नुसते पाण्याने धुतलेले कोकोपीट भरले, दोनमध्ये कॅल्शियम दिलेले, आणि दोनमध्ये बागेतली माती. सहाही कुंड्या ५ लिटरच्या होत्या आणि सहाही रोपे एकाच वाफ्यातली होती. नुसत्या पाण्याने धुतलेल्या कुंड्यांत पानांच्या कडा करपल्या नाहीत, म्हणजे मोकळे क्षार गेले होते. परंतु तिसऱ्या आठवड्यानंतर शेंड्याची नवी पाने आखडून, सुरकुतून येऊ लागली, आणि जुनी पाने ठीक होती. हा फरक ओळखणे उपयोगाचे आहे. क्षारांची जळजळ जुन्या पानांच्या टोकांना आणि कडांना आधी दिसते. कॅल्शियम मात्र झाडात एकदा जिथे बसले तिथून हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नेहमी नव्या वाढीत दिसते, आणि टोमॅटोला फळे धरल्यावर फळाच्या खालच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा डाग पडतो. सहा कुंड्यांवरून कोणी सिद्धान्त मांडू नये, पण मला जे पाहायचे होते ते दिसले.

मातीच्या दोन कुंड्या मी केवळ तुलनेसाठी ठेवल्या होत्या, आणि त्यांनी मला कोकोपीटबद्दल सर्वाधिक शिकवले. पाणी घालून निथळल्यावर मातीची कुंडी ८ किलोच्या थोडी वर भरली आणि कोकोपीटची ३.८ किलो. मातीच्या वजनात पाणी सुमारे २ लिटरच होते, बाकी सगळी मातीच. कोकोपीटच्या वजनात कोरडा भाग ४०० ग्रॅमही नव्हता, बाकी बहुतेक पाणी. तरीही कोकोपीटच्या कुंडीत मुळांना हवा अधिक मिळत होती, हे सुरुवातीला पटत नाही. मातीचे बारीक कण एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांच्यामधल्या फटी इतक्या अरुंद असतात की त्यांत पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही, आणि हवेला जागा उरत नाही. जमिनीत हे खपून जाते, कारण तिथे गांडुळे, जुनी मुळे आणि खाली मीटरभर खोल माती असते, जी पाणी ओढून घेते. कुंडीत माती तळाला येऊन संपते आणि पाणी ओढून घ्यायला खाली काहीच नसते.

ही गोष्ट मला त्या बाईंनी भांडी घासण्याच्या स्पंजने दाखवली. स्पंज पूर्ण भिजवून त्यांनी तो आडवा, पसरट धरला आणि त्यातून पाणी टपकायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तोच स्पंज त्यांनी उभा केला, आणि त्यातून पुन्हा पाणी धो धो गळाले. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कोणत्याही माध्यमाच्या तळाशी काही सेंटिमीटरचा एक पूर्ण भिजलेला थर उरतोच, आणि त्याची जाडी कणांच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. मातीत हा थर जाड असतो, म्हणून उथळ कुंडीत मातीचा बहुतेक भाग चिंबच राहतो. तळाला खडी घातल्याने हा थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो एवढेच. अगदी बारीक, पिठासारख्या कोकोपीटलाही हाच रोग असतो. म्हणून मी त्यात चौथा हिस्सा तरी नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे किंवा पर्लाइट मिसळतो.

पाणी घालण्याच्या सवयी मात्र मला पूर्ण बदलाव्या लागल्या. माती वरून सुकली की बहुतेक वेळा आतही सुकायला लागलेली असते, आणि कडेला भेगा पडून ती सांगते. कोकोपीटचा वरचा बोटभर थर सकाळी भुरका आणि कोरडा दिसतो आणि खाली दोन बोटांवर ते चिंब असते. रंगावर विसंबून मी पहिल्या वर्षी रोज पाणी घालत असे आणि कुंड्यांभोवती बारीक काळ्या माशा घोंगावत असत, ज्या सतत ओल्या पृष्ठभागावर अंडी घालतात. आता मी कुंडी उचलून पाहतो. निथळलेली कुंडी ३.८ किलोची असते, तिचे वजन अडीचच्या आसपास आले की पाणी घालतो. काट्यावर आठदहा दिवस तोलले की पुढे हातालाच कळते. मातीच्या कुंडीला ही युक्ती लागू करणे अवघड आहे, कारण तिच्या वजनात मातीचाच वाटा मोठा असल्याने ओली आणि सुकी यांतला फरक हाताला जाणवत नाही.

अन्नाचा प्रश्नही असाच उलटा आहे. बागेतल्या मातीत चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सूक्ष्मद्रव्ये साठलेली असतात, सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जीव असतात, आणि आपण महिनाभर विसरलो तरी रोप काहीतरी मिळवून जगते. धुतलेल्या कोकोपीटमध्ये हे कोठार नसते. थोडे पोटॅशियम सोडले तर ते जवळपास रिकामे भांडे असते, वर त्यातले जीव कार्बन पचवण्यासाठी सुरुवातीला थोडे नायट्रोजन स्वतःच वापरतात. म्हणून मी रोप लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दर पाण्याबरोबर पातळ खत देतो. लहान रोपांना द्रावणाचा ईसी १ च्या आसपास आणि फळे धरल्यावर दीडच्या पुढे. पोटॅशियमवर जोर असलेले खत पहिले काही आठवडे टाळतो. आणि प्रत्येक वेळी इतके घालतो की घातलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा तळातून बाहेर पडेल, नाहीतर न वापरलेले क्षार साठत जातात आणि आपण धुऊन काढले तेच पुन्हा तयार होते.

गांडूळखत मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात आणि तो चुकीचा नाही. पण खतातही क्षार असतात, त्यामुळे एवढ्या कष्टाने ०.६ वर आणलेल्या कोकोपीटमध्ये तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळून मी मोजले तेव्हा पिळलेल्या पाण्याचा ईसी १.७ निघाला. मोठ्या रोपांना तो चालतो, उगवणाऱ्या बियांना नाही. बी पेरायचे असेल तर मी खत न मिसळता नुसते धुतलेले कोकोपीट वापरतो आणि पहिले खरे पान आल्यावर खत सुरू करतो.

हंगाम संपल्यावर कॅल्शियम दिलेल्या त्या दोन कुंड्यांतले कोकोपीट मी टाकून दिले नाही. मुळे चाळून काढली, पिशवीत भरले आणि पहिल्यासारखे ५ लिटर पाणी घालून पिळले. आकडा २.४ आला. या वेळी ते क्षार नारळाचे नव्हते, माझ्याच खताचे होते. कठीणता तपासली तर कॅल्शियम भरपूर होते, म्हणजे जागा अजून त्याच्याच ताब्यात होत्या. म्हणून रात्रभराचे भिजवणे गाळले, तीन वेळा पाण्याने धुतले, ०.५ आल्यावर थांबलो आणि त्यात मिरचीची रोपे लावली. तंतू थोडे मऊ पडून भुसा खाली बसला होता, साडेआठ लिटरच्या जागी सात लिटर भरला, म्हणून या खेपेस जाड तुकड्यांचा वाटा चौथ्या हिश्शावरून तिसऱ्यावर नेला.